व्याज दिवसावर, सवलत तारखेवर

२८ जून २०२४, शुक्रवार. वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावात शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायटीच्या ऑफिसात दुपारी बाकड्यावर बसायला जागा नव्हती. ३० तारीख रविवारी येत होती, त्यामुळे पीककर्ज भरायला शुक्रवार आणि शनिवार एवढेच दोन दिवस उरले होते. माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी, पिशवीतून दीड लाखाच्या नोटा काढून सचिवांपुढे ठेवल्या. वर दुधाच्या बिलातून साठवलेले आठ हजार ठेवले. सचिवांनी खातं उघडलं, कॅल्क्युलेटरवर बोटं फिरवली, पावती फाडून दिली. बाहेर चिंचेखाली आल्यावर तात्या म्हणाले, "ऊस अजून रानात हुबा हाय. आन् मी त्याचं कर्ज भागवून आलोय."

ते दीड लाख त्यांचे नव्हते. गावातल्याच एकाकडून महिना शेकडा तीनने आणले होते. सोसायटीचं नवं कर्ज आठवड्यात मिळणार होतं, त्यातून ते परत जायचे होते. आमच्याकडे याला 'नवं-जुनं' म्हणतात. सांगली-साताऱ्यातल्या ऊसपट्ट्यात जून महिन्यात हा शब्द पावसाइतकाच ऐकू येतो.

पिकाचं कर्ज पिकाच्या पैशातून एकरकमी फेडायचं आणि व्याज जितके दिवस पैसे वापरले तितक्याच दिवसांचं द्यायचं, ही पद्धत मला मनापासून न्याय्य वाटते. महिन्याच्या हप्त्याचा शेतकऱ्याला उपयोग नाही, कारण त्याच्याकडे पैसा महिन्याला येत नाही. पण या पद्धतीचं जे मूळ, 'दिवस मोजणं', ते शेतकऱ्याच्या देण्यापुरतंच काटेकोर पाळलं जातं. त्याला मिळायच्या सवलतीपाशी आणि त्याला यायच्या पैशापाशी ते सोडून दिलं जातं. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती मी तात्यांच्याच खात्यावरून मांडतो.

तात्यांनी १२ जुलै २०२३ ला सव्वादोन एकर आडसाली उसाच्या लागणीसाठी एक लाख रुपये उचलले. बांधणीच्या आधी खतासाठी २० ऑक्टोबरला आणखी पन्नास हजार. दर सहा टक्के. आता व्याज कसं निघतं ते बघा. एक लाखाचं वर्षाचं व्याज सहा हजार. त्याला ३६५ ने भागलं की दिवसाला १६ रुपये ४४ पैसे. लाखाला दिवसाला साधारण साडेसोळा रुपये हा आकडा ज्याच्या डोक्यात बसला, त्याला सचिवांच्या कॅल्क्युलेटरकडे टक लावून बघायची गरज राहत नाही. १२ जुलैपासून २८ जूनपर्यंत ३५२ दिवस झाले, कारण मधल्या फेब्रुवारीत २९ तारीख होती. पहिल्या लाखाचं व्याज ५,७८६ रुपये. पन्नास हजारांना २० ऑक्टोबरपासून २५२ दिवस झाले, त्याचं २,०७१ रुपये. दोन्ही मिळून, पैसे धरून, ७,८५८ रुपये.

हिशोब दिवसअखेरच्या बाकीवर चालतो. म्हणजे ज्या दिवशी उचल घेतली तो दिवस धरला जातो आणि ज्या दिवशी भरणा केला तो धरला जात नाही, कारण त्या दिवसाच्या शेवटी बाकी शून्य असते. दोन्ही टोकांचे दिवस कुणी धरले असतील तर एक दिवस जास्त लागलेला असतो. तो लाखाला साडेसोळा रुपयांचाच प्रश्न असतो, पण खरी चूक दुसरीकडे होते. दुसरी उचल पहिल्याच तारखेला टाकली गेली तर काय होतं? पूर्ण दीड लाखाला ३५२ दिवस लागतात आणि व्याज ८,६७९ होतं. म्हणजे ८२२ रुपये जास्त. आणि कुणी दिवस सोडून सरळ 'जुलै ते जून, बारा महिने' असं धरलं तर नऊ हजार. तिन्ही आकडे वरवर बघता सारखेच दिसतात. कुठला खरा ते कळायला एकच मार्ग आहे: खातेउताऱ्यावर प्रत्येक उचलीची तारीख वेगळी लिहिलेली असली पाहिजे आणि तिच्यासमोर दिवस लिहिलेले असले पाहिजेत. आमच्या पावतीवर मुद्दल, व्याज आणि एकूण एवढंच असतं. दिवसांचा रकाना नसतो. तात्यांचं व्याज त्या दिवशी बरोबर निघालं, हे मला घरी येऊन वहीवर मांडावं लागलं तेव्हा कळलं.

हा रकाना मागणं म्हणजे काही नवी मागणी नाही. १८७५ मध्ये पुणे आणि नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतं आणि वह्या जाळल्या, त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना लागू झाला. आमचा वाळवा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ मध्ये आणि त्याचं नाव सांगली झालं १९६० मध्ये. त्या कायद्यानं शेतकऱ्याला लेखी पावती, दरवर्षी हिशोबाचा उतारा आणि नोंदीचं पासबुक मागायचा हक्क दिला होता. इंग्रज सरकारला सावकाराकडून जे मागावंसं वाटलं, ते आपण आपल्याच सहकारी संस्थेकडून मागायला लाजायचं कशाला?

पण उताऱ्याचा प्रश्न मला दुय्यम वाटतो. तो एखाद्या धडपड्या सचिवाच्या गावात आजच सुटलेला असेल. ज्याचा त्रास प्रत्येक ऊसवाल्याला होतो, तो प्रश्न सवलतीचा आहे.

तात्यांनी भरलेलं ७,८५८ रुपये व्याज शेवटी त्यांच्या अंगावर राहत नाही. वेळेत फेडणाऱ्याला केंद्र सरकार तीन टक्के सूट देतं आणि राज्य सरकारच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला आणखी तीन टक्के मिळतात. सहातून सहा गेले, म्हणून 'शून्य टक्के'. आमच्याकडे व्याज आधी भरून घेतात आणि सवलत मागाहून खात्यावर जमा होते. उशिरा का होईना, येते. ही योजना चांगली आहे आणि ती बंद करा असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. माझा आक्षेप तिच्या अटीवर आहे. ठरलेल्या तारखेच्या आत सगळं फेडलं तर सवलत पूर्ण, आणि एक दिवस चुकला तर काहीच नाही.

हे तात्यांच्या खात्यावर लावून बघा. त्यांची तारीख ३० जून होती. समजा पैशाची जुळवाजुळव झाली नसती आणि ते ४ जुलैला भरायला गेले असते. चार दिवस उशीर. दीड लाखाला दिवसाला २४ रुपये ६६ पैसे, म्हणजे चार दिवसांचं व्याज ९९ रुपये. ते त्यांनी द्यायलाच हवेत, त्याबद्दल वाद नाही. पण त्या चार दिवसांनी ३० जूनपर्यंतची ७,९०७ रुपयांची सवलतही गेली असती. एकूण अंगावर ८,००५ रुपये, आणि थकबाकीचा जो काही जादा आकार लागेल तो वेगळाच. ९९ रुपयांच्या उशिराला आठ हजारांचा फटका! जी व्यवस्था व्याज लावताना २९ फेब्रुवारीसुद्धा विसरत नाही, ती सवलत देताना ३५४ दिवसांचा वेळेतला वापर एका फटक्यात पुसून टाकते.

म्हणून शेतकरी नवं-जुनं करतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हा अडाणीपणा आहे. शून्य टक्क्याचं कर्ज फेडायला शेकडा तीनने पैसे कोण काढेल? पण तात्यांनी आकडेमोड चोख केली होती. २८ जूनला घेतलेले दीड लाख त्यांनी ५ जुलैला परत केले. सात दिवस. देणाऱ्यानं पूर्ण महिना धरला आणि साडेचार हजार घेतले. तो दिवस मोजत नाही. त्याच्याकडे एक दिवसही महिनाच असतो. सात दिवसांना तीन टक्के, म्हणजे वर्षाचा दर १५६ टक्क्यांच्या वर जातो. तरीही आठ हजार घालवण्यापेक्षा साडेचार हजार देणं परवडलं. ज्या कर्जाला सरकार दोन्ही हातांनी व्याज भरतं, त्या कर्जापायी तात्यांच्या घरातून साडेचार हजार रुपये गेले, आणि ते ना सोसायटीला मिळाले ना बँकेला.

यात तात्यांची चूक शोधायचीच असेल तर एकच सापडते: त्यांनी आडसाली लावला. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस सोळा-अठरा महिन्यांनी तुटतो. वाळवा, पलूस, कराड, साताऱ्याची कृष्णाकाठची गावं, इथल्या काळ्या रानात आणि पाण्याच्या सोयीवर हीच लागण जास्त वजन देते, म्हणून लोक तीच करतात. जुलैत लावलेला ऊस पुढच्या जूनमध्ये बारा महिन्यांचासुद्धा झालेला नसतो. कारखाने सुरू व्हायला अजून चार-पाच महिने असतात. त्या जूनमध्ये 'पिकाचा पैसा आला, आता फेडा' असं म्हणायला पिकाचा पैसाच नसतो.

रिझर्व्ह बँकेला हे माहीत आहे. वर्षापेक्षा जास्त काळ चालणारं पीक हे दीर्घ मुदतीचं पीक, अशी वेगळी वर्गवारीच तिच्या नियमांत आहे आणि खातं थकीत कधी धरायचं हे ती त्या पिकाच्या हंगामावरून ठरवते. किसान क्रेडिट कार्डाच्या योजनेतही परतफेडीची तारीख पिकाच्या काढणी-विक्रीचा अंदाज घेऊन ठरवावी असंच लिहिलं आहे. म्हणजे बँकेनं आडसालीला जास्त मुदत द्यायचं म्हटलं तर नियम आडवा येत नाही. आडवी येते ती सवलत. केंद्राची वेळेत फेडीची सूट उचलीपासून जास्तीत जास्त एक वर्षच मिळते, आणि वर्षानंतर फेडणाऱ्याला ती मिळतच नाही. कर्जाच्या नियमाला ऊस अठरा महिन्यांचा असतो हे मान्य आहे, सवलतीच्या नियमाला नाही. या दोन नियमांच्या मधल्या फटीत शेकडा तीनवाला बसलेला आहे.

ज्याचं पीक वर्षात मावतं त्याला ही फट जाणवत नाही, हेही सांगायला हवं. कराड-पाटणकडचा सोयाबीनवाला जूनमध्ये उचल घेतो, दसरा-दिवाळीला माल विकतो, त्याला पुढचा जून लांब असतो. सांगलीच्या पेठेत हळद आणणाऱ्याचा पैसाही उन्हाळ्यात हाती येतो. खोडवाही बारा-तेरा महिन्यांत तुटतो, थोडी ओढाताण झाली तरी निभतं. अडतो तो आडसालीवाला, आणि आपल्या दोन जिल्ह्यांत तो थोडाथोडका नाही.

सवलतीची मुदतही पिकाएवढीच धरा, या मागणीवर तीन आक्षेप मी ऐकले आहेत. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत ऐकले, बँकेत काम केलेल्या माझ्या मेहुण्यांकडूनही ऐकले.

पहिला आक्षेप सरकारी तिजोरीचा. सवलत अठरा महिने दिली तर सरकारचा खर्च दीडपट होईल, असं म्हणतात. हा आक्षेप कागदावर बरोबर दिसतो आणि तात्यांच्या खात्यावर चुकीचा ठरतो. तात्यांनी २८ जूनला जुनं फेडलं आणि ५ जुलैला त्याच उसावर पुन्हा दीड लाख उचलले. जुन्या कर्जाला ३५२ दिवसांची सवलत सरकारनं दिली. नव्या कर्जालाही ते वेळेत फेडल्यावर सरकारच देणार. म्हणजे त्या उसावरच्या दीड लाखाचं व्याज पहिल्या उचलीपासून तोडणीपर्यंत सरकार आजही भरतंच आहे. मधले सात दिवस तेवढे सुटतात. दीड लाखाला सहा टक्क्यांनी सात दिवसांचं व्याज होतं १७३ रुपये. सरकारचे १७३ रुपये वाचवायला शेतकऱ्याचे साडेचार हजार जातात, एवढाच त्या अटीचा हिशोब आहे.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. मेहुणे म्हणाले, "तारीख ढिली केली की वसुली ढिली होते. जिल्हा बँकेलाही वरून घेतलेलं फेडायचं असतं." यात तथ्य आहे. जिल्हा बँक सोसायटीला देते, सोसायटी सभासदाला देते, आणि बँकेनं स्वतः वरून घेतलेल्या पैशालाही तारखा असतात. वसुली बुडालेल्या सोसायट्यांची काय गत होते ते आपण बघितलं आहे. नव्या सभासदाला कर्ज मिळत नाही आणि प्रामाणिक माणूस अडकतो. म्हणून तारीख नसावी असं मी म्हणत नाही. तारीख असू द्या, उशिराला दंडही असू द्या, पण तो दिवसाच्या हिशोबानं असू द्या. तारखेनंतरचे जितके दिवस, तितक्या दिवसांचं पूर्ण व्याज घ्या, वाटलं तर दोन टक्के जादा लावा. तारखेच्या आतले जितके दिवस, तितक्यांची सवलत कायम ठेवा. साठ किंवा नव्वद दिवसांनंतरही आलं नाही तर मग सगळी काढून घ्या. शिस्त यातही राहते. उलट आज जो माणूस ३० जून चुकवतो, त्याला ४ जुलैला फेडण्याचं काही कारण उरत नाही. सवलत तर गेलीच, मग डिसेंबरला बघू, असं तो म्हणतो. माझ्या पाहण्यातली दोन खाती अशीच थकीत झाली. दोघांनीही आठवड्याभरात पैसे जमवले होते. सवलत मिळणार नाही हे कळल्यावर एकानं ते पैसे मुलीच्या लग्नाला वापरले, दुसऱ्यानं पाइपलाइनला.

आणि आजची शिस्त तरी किती खरी आहे? नवं-जुनं झालं की कागदावर वसुली पूर्ण दिसते. प्रत्यक्षात एक रुपयाही पिकातून आलेला नसतो. संचालकांना ते माहीत असतं, सचिवांना माहीत असतं, बँकेच्या तपासनिसाला माहीत असतं. ज्याच्याकडे आठवड्यासाठी दीड लाख देणारा माणूस आहे तो 'नियमित', ज्याच्याकडे नाही तो 'थकबाकीदार'. ऊस दोघांचाही तेवढाच उभा असतो.

तिसरा आक्षेप असा, की आडसाली कुणाचा आणि सुरू हंगामाचा कुणाचा हे ठरवायचं कसं? लोक खोट्या तारखा सांगतील. याचं उत्तर साखर कारखान्याच्या गट ऑफिसात पडलेलं आहे. लागण झाली की कारखान्याचा माणूस रानात येऊन नोंद घेतो: गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख. त्याच तारखेवर पुढे तोडीचा क्रम लागतो. आणि ऊस गेला की वजनकाट्याची पावती मिळते, तिच्यावर दिवस आणि वजन असतं. पीक रानात कधी आलं आणि रानातून कधी गेलं, या दोन्ही तारखांचा इतका पक्का पुरावा दुसऱ्या कुठल्या पिकाला असेल असं मला वाटत नाही. कर्जाची मुदत या दोन तारखांना बांधा. लागणीपासून तोडणीपर्यंत आणि वर बिल यायचे दिवस, जास्तीत जास्त अठरा महिने.

बिल यायचे दिवस म्हटलं, आणि तिथंच दिवस मोजण्याचा दुसरा अर्धा भाग येतो.

तात्यांचा ऊस १८ डिसेंबर २०२४ ला तुटला. शंभर टन भरला. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे कारखान्यानं चौदा दिवसांत पैसे द्यायला हवेत आणि उशीर झाला तर उशिराच्या दिवसांचं वर्षाला पंधरा टक्क्यांनी व्याज द्यायला हवं. चौदा दिवस १ जानेवारीला पूर्ण झाले. बिल निघालं २० फेब्रुवारीला. पन्नास दिवस उशीर. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला तीन हजार धरले तरी तीन लाख रुपये पन्नास दिवस अडकले. त्याचं पंधरा टक्क्यांनी व्याज ६,१६४ रुपये होतं. तात्यांच्या बिलावर ते कुठंही नव्हतं. त्याच पन्नास दिवसांत तात्यांच्या दीड लाखाच्या कर्जावर १,२३३ रुपये व्याज चढलं, आणि ते मात्र सोसायटीच्या खात्यात पैशापर्यंत नोंदलेलं होतं.

यापुढचा प्रकार त्याहून सूक्ष्म आहे. कर्जाची रक्कम कारखाना उसाच्या बिलातूनच कापून घेतो आणि बँकेकडे पाठवतो. ही पद्धत चांगली आहे, वसुली सहज होते, शेतकऱ्याला हेलपाटा पडत नाही. तात्यांच्या बिलावर २० फेब्रुवारीला कपात दिसते. सोसायटीच्या खात्यावर तीच रक्कम ११ मार्चला जमा दिसते. मधले एकोणीस दिवस. त्या एकोणीस दिवसांत पैसा तात्यांच्या हातात नव्हता आणि कर्जही फिटलेलं नव्हतं. दिवसाला २४ रुपये ६६ पैशांनी ४६९ रुपये व्याज तात्यांच्या नावावर पडलं. सचिवांना विचारलं तर ते म्हणाले, "आमच्याकडं ज्या दिवशी आलं, त्या दिवशी जमा केलं." खरं बोलले. कारखान्याच्या गट ऑफिसात विचारलं तर तिथला क्लार्क म्हणाला, "आम्ही बिलाच्याच दिवशी कापलं." तोही खरं बोलला. दोघेही खरे, मग ते दिवस कुणाचे?

माझं म्हणणं, ते शेतकऱ्याचे नाहीत. ज्या दिवशी बिलातून कपात झाली तोच कर्जाच्या भरण्याचा दिवस धरावा, आणि तिथून बँकेपर्यंत पोहोचायला लागलेल्या दिवसांचं व्याज ज्याच्याकडे पैसा होता त्याच्याकडून घ्यावं. त्या वर्षी तात्यांची तारीख जूनमध्ये असल्यानं हे ४६९ रुपये सवलतीत निघून गेले असतील. पण ज्याची मुदत मार्चअखेर असते आणि कपात मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात होते, त्याचे हे एकोणीस दिवस एप्रिलमध्ये जातात. त्यानं ऊस घातला, पैसे कापू दिले, आणि तरी तो थकबाकीत. अशा माणसानं काय करावं? बिलाची कपातीची प्रत घेऊन लगेच सोसायटीत लेखी अर्ज द्यावा, त्यावर आवक नंबर आणि तारीख घ्यावी. उपाय लहान आहे, पण पुढे सवलतीचा वाद झाला तर हातात कागद असतो. आज बहुतेक जण बिल घडी घालून टाकतात आणि सहा महिन्यांनी सवलत आली नाही म्हणून चौकशीला जातात.

कारखान्याच्या उशिरावरच्या पंधरा टक्क्यांबद्दल लोक म्हणतात, ते मागायला गेलं तर पुढच्या वर्षी तोड लांबेल. ही भीती खोटी नाही; तुरा आलेला ऊस रानात वाळत ठेवणं कुणालाच परवडत नाही. म्हणून ही मागणी एकेकट्या शेतकऱ्यावर टाकू नये. बिलातून कर्ज कापताना जसा सोसायटीचा आकडा कारखान्याकडे आपोआप जातो, तसाच उशिराच्या दिवसांचा आकडा बिलावर आपोआप छापून यायला हवा: तोडणीची तारीख, चौदावा दिवस, बिलाची तारीख, मधले दिवस, व्याज. पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडे कारखाने थकलेल्या एफआरपीचे, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या ऊसदराच्या रकमेचे, आकडे देतातच. शेतकऱ्याच्या बिलावर हे पाच रकाने आले तर त्याला कुणाकडे तोंड वर करून मागायची वेळ येणार नाही. आणि ते व्याज त्याच्या हातात नको असेल तर सरळ त्याच्या कर्जाच्या खात्यावर वळवा. ६,१६४ मधून १,२३३ गेले तरी तात्यांचे ४,९३१ उरत होते. नवं-जुनं करताना शेकडा तीनवाल्याला दिलेले साडेचार हजार त्यातून भरून निघाले असते.

नंतर एकदा घरी मी हा सगळा हिशोब वहीच्या पानावर तात्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली, ४६९ च्या आकड्याखाली बोटानं रेघ ओढली आणि विचारलं, "ह्ये एकोणीस दिस कुणी मोजलं?" मी म्हटलं, "मीच." ते म्हणाले, "मग सभेत वाचून दाखव की." सप्टेंबरच्या वार्षिक सभेत मी ते वाचलं. दिवसांचा रकाना पावतीवर घालायचा ठराव झाला. मुदत तोडणीला बांधायचा आणि कपातीची तारीख धरायचा विषय सोसायटीच्या हातात नाही, म्हणून तो ठराव करून जिल्हा बँकेकडे पाठवला आहे.

ओढ्याकडच्या रानात तात्यांनी १९ जुलै २०२५ ला पुन्हा आडसाली लावलाय. त्या कर्जाची सवलतीची तारीख ३० जून २०२६ आहे. त्या दिवशी तो ऊस अकरा महिने अकरा दिवसांचा असेल.